पॅन निष्क्रिय झालंय? हजार रुपये भरण्याआधी नाव जुळवा

जुलै 2025 च्या पहिल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. "अरे, बँकेने माझे सहा हजार सहाशे कापले. मी तर पंधरा-एच भरून दिला होता." आत्या सदुसष्ट वर्षांची. काकांच्या मागे मिळालेले पैसे तिने मुदत ठेवीत टाकलेत आणि त्याच्या व्याजावर तिचं घर चालतं. वर्षाचं व्याज 1,32,000 रुपये, म्हणजे दर तिमाहीला 33,000. तिला आयकर लागत नाही, म्हणून ती दरवर्षी एप्रिलमध्ये 15H चा फॉर्म देते आणि बँक टीडीएस कापत नाही. या वेळी कापला, आणि तोही दहा टक्के नाही, सरळ वीस टक्के. पासबुकात कारण लिहिलेलं नसतं. शाखेत विचारल्यावर कळलं की तिचं पॅन आधारशी न जोडल्यामुळे 'इनऑपरेटिव्ह', म्हणजे निष्क्रिय, दिसतंय.

तिचं पॅन परत चालू व्हायला साधारण सहा आठवडे गेले. त्यातला बराचसा वेळ एकाच गोष्टीत गेला, आणि ती गोष्ट पैसे भरण्याची नव्हती. बहुतेक जण मात्र आधी पॅन-आधार जोडणीचं विलंब शुल्क, म्हणजे हजार रुपये, भरतात, मग अडकतात आणि मग विचारायला येतात. म्हणून हा लेख त्या क्रमाने नाही, उलट क्रमाने लिहिलाय.

निष्क्रिय म्हणजे रद्द नव्हे

आधार असलेल्या किंवा मिळू शकणाऱ्या माणसाने आपलं पॅन आधारशी जोडलं पाहिजे, ही तरतूद 2017 च्या वित्त कायद्याने आली. 1961 च्या आयकर कायद्यात त्यासाठी 139AA हे कलम घातलं गेलं. मुदत कितीतरी वेळा वाढली. 31 मार्च 2022 पर्यंत हे काम फुकट होतं. त्यानंतरचे तीन महिने 500 रुपये आणि 1 जुलै 2022 पासून 1,000 रुपये विलंब शुल्क लागलं. शेवटची तारीख 30 जून 2023 ठरली आणि 1 जुलै 2023 पासून न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली.

इथे एक गैरसमज फार आहे. निष्क्रिय पॅन म्हणजे रद्द झालेलं पॅन नाही. नंबर तुमचाच असतो, तो दुसऱ्या कोणाला मिळत नाही आणि नवं पॅन काढायचीही गरज नसते. उलट घाबरून दुसरं पॅन काढलंत तर दोन पॅन बाळगल्याचा वेगळा गुन्हा पदरात पडतो. त्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आयकर विभागाने जुलै 2023 मध्येच स्पष्ट केलं होतं की पॅन निष्क्रिय असलं तरी विवरणपत्र भरता येतं. फक्त ते आधार ओटीपीने पडताळता येत नाही, कारण आधार जोडलेलंच नसतं. नेट बँकिंगमधून पडताळणी करावी लागते, किंवा विवरणपत्राची पोच म्हणून मिळणारा ITR-V चा कागद सही करून टपालाने बंगळुरूला पाठवावा लागतो.

मग अडतं काय? तीन गोष्टी अडतात. परतावा निघत नाही. पॅन जितका काळ निष्क्रिय होतं तितक्या काळाचं परताव्यावरचं व्याज मिळत नाही, ते कायमचं बुडतं. आणि तुमचा टीडीएस किंवा टीसीएस पॅनच नसल्यासारखा, चढ्या दराने कापला जातो. 15H आणि साठीच्या आतल्यांसाठीचा तसाच 15G, या फॉर्मनाही ग्राह्य पॅन लागतं, त्यामुळे आत्याचा फॉर्म बँकेच्या लेखी कोरा कागद ठरला आणि वीस टक्के कापले गेले.

याची दुसरी बाजूही आहे. टीडीएस मुळात लागू असेल तरच चढा दर येतो. एप्रिल 2025 पासून बँकेतल्या ठेवींच्या व्याजाची मर्यादा ज्येष्ठ नागरिकांना वर्षाला एक लाख आणि इतरांना पन्नास हजार आहे. व्याज त्याच्या आत असेल तर पॅन निष्क्रिय असूनही बँक काही कापत नाही. म्हणूनच कित्येकांना दोन-दोन वर्षं पत्ताच लागत नाही. आत्याच्या बाबतीत तसंच झालं. आधी तिची ठेव लहान होती. गावाकडचं शेत विकून ती मोठी झाली आणि तेव्हा हे उघडं पडलं.

आधी बघा, तुम्हाला हे करायचंच आहे का

काही लोकांना या जोडणीतून सूट आहे. आसाम, मेघालय आणि जम्मू-काश्मीरचे रहिवासी, त्या वर्षात ऐंशी पूर्ण केलेले, भारताचे नागरिक नसलेले आणि आयकर कायद्याच्या व्याख्येने अनिवासी असलेले. ही सूट मे 2017 च्या अधिसूचनेतली आहे.

यातले अनिवासी सर्वांत जास्त गोंधळतात. दुबई, न्यू जर्सी किंवा सिंगापूरला राहणाऱ्या मराठी माणसाचं पॅन निष्क्रिय दिसत असेल, तर बहुधा विभागाच्या नोंदीत तो अजून 'निवासी' आहे. त्याने हजार रुपये भरायचे नाहीत. त्याने आपल्या क्षेत्राच्या कर निर्धारण अधिकाऱ्याला आपण अनिवासी असल्याचं कळवायचं. सोबत पॅनची प्रत आणि परदेशातलं वास्तव्य दिसेल अशा पासपोर्टच्या पानांच्या प्रती जोडायच्या. तो अधिकारी कोण, हे पोर्टलवरच्या Know Your AO मध्ये पॅन टाकून कळतं. अनिवासी म्हणून विवरणपत्र भरणाऱ्यांची नोंद बऱ्याचदा विभाग आपणहून बदलतो, पण त्या भरवशावर राहू नका.

आणखी एक छोटा गट आहे. आधार हातात येण्याआधी नुसत्या आधार नोंदणी क्रमांकावर, म्हणजे त्या 28 आकडी क्रमांकावर, 1 ऑक्टोबर 2024 च्या आधी ज्यांनी पॅन काढलं, त्यांना आधार क्रमांक कळवायला 31 डिसेंबर 2025 पर्यंत मुदत दिली होती. 'मी तर पॅन आधारवरच काढलं होतं' असं म्हणणाऱ्यांनी हे तपासावं.

स्थिती कशी बघायची

आयकराचं पोर्टल एकच: incometax.gov.in. एसएमएसमध्ये आलेल्या लिंकवर जाऊ नका. पत्ता स्वतः टाइप करा. मुखपृष्ठावर डाव्या बाजूला Quick Links ची यादी आहे आणि त्यातल्या दोन ओळी आपल्या कामाच्या आहेत. लॉगिन करावं लागत नाही.

पहिली Link Aadhaar Status. पॅन आणि आधार टाकले की जोडलेलं आहे की नाही ते कळतं. तीनपैकी एक उत्तर येतं: जोडलेलं आहे, जोडलेलं नाही, किंवा विनंती आधार देणाऱ्या प्राधिकरणाकडे, म्हणजे UIDAI कडे, पडताळणीला गेली आहे. कधी कधी चौथंच काही निघतं, की तुमचं पॅन भलत्याच आधारशी जोडलेलं आहे. त्यावर पोर्टलवर उपाय नाही. कर निर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करून आधी ती जोडणी तोडून घ्यावी लागते.

दुसरी ओळ Verify PAN Status. लोक ती वगळतात, आणि माझ्या मते खरी तीच महत्त्वाची आहे. इथे पॅन, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मोबाइल विचारतात. नाव आणि तारीख विभागाच्या नोंदीशी तंतोतंत जुळली तरच उत्तर 'जुळतं' असं येतं. म्हणजे विभागाच्या खात्यात तुम्ही नेमक्या कोणत्या नावाने आहात, हे इथे फुकटात कळतं. कार्डावर छापलेलं नाव आणि नोंदीतलं नाव वेगळं असू शकतं. जुन्या कार्डांवर मधली नावं आद्याक्षरांत आखडलेली असायची.

पॅन टाइप करताना शून्य की ओ असा प्रश्न पडला तर पॅनची घडण आठवा. पाच अक्षरं, चार आकडे, शेवटी एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर नेहमी P असतं. पहिल्या पाचांत गोल दिसलं तर ते अक्षर, मधल्या चारांत दिसलं तर शून्य.

नाव जुळवणं: खरं काम इथे आहे

जोडणी करताना यंत्रणा तीन गोष्टी ताडून बघते: नाव, जन्मतारीख आणि लिंग. वडिलांचं नाव, पत्ता किंवा फोटो यांच्याशी तिला घेणंदेणं नाही. जन्मतारीख आणि लिंग हुबेहूब हवं. नावात थोडी सूट आहे. स्पेलिंगचा फरक, मधलं नाव एकीकडे असणं आणि दुसरीकडे नसणं अशा किरकोळ तफावतीत आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो आणि तो टाकला की काम होतं. Laxmi आणि Lakshmi मुळे अडेल असं नाही. पण नाव पूर्णच वेगळं असेल तर विनंती फेटाळली जाते. कार्डावर मराठीत काय लिहिलंय हेही इथे मोजत नाहीत, इंग्रजी नोंदच ताडली जाते.

महाराष्ट्रात यात सर्वांत जास्त सापडतात त्या लग्न झालेल्या बायका. आपल्याकडे लग्नानंतर फक्त आडनाव बदलत नाही, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं. कधी सासरची माणसं पहिलं नावही बदलतात. पॅन नोकरीच्या किंवा बँक खात्याच्या निमित्ताने माहेरच्या नावावर निघालेलं असतं आणि आधार 2011-12 च्या सुमारास सासरच्या पत्त्यावर, सासरच्या नावाने. तीन भागांपैकी फक्त पहिला भाग जुळतो, आणि काही घरांत तोही नाही. आत्याचं नेमकं हेच झालं होतं. तिच्या पॅनवर आमच्या आजोबांचं नाव आणि आमचं आडनाव, आधारवर काकांचं नाव आणि त्यांचं आडनाव. जन्मतारीख दोन्हीकडे एकच होती, हे नशीब.

अशा वेळी दोनपैकी एक कागद बदलावा लागतो. कोणता? मी एवढंच बघतो की बँक, पेन्शन आणि घराचे कागद कोणत्या नावाने आहेत. आत्याचं सगळं सासरच्या नावाने होतं, म्हणून पॅन बदलायचं ठरलं. ज्या बाईची पदवी, पासपोर्ट आणि पगार माहेरच्या नावाने आहे तिने आधार बदलावं. एक लक्षात ठेवा, आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख व लिंग एकदाच. म्हणून घाईत आधारला हात लावू नका.

जन्मतारखेचं दुखणं आणखी वेगळं. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीत तारीख माहीत नसली की आधार केंद्रावर 1 जानेवारी टाकत किंवा नुसतं वर्ष नोंदवत. आधारवर फक्त वर्ष असेल तर चिंता नाही, त्यासाठी जोडणीच्या पानावर खुणेचा वेगळा चौकोन आहे. पण खोटी 1 जानेवारी असेल आणि पॅनवर शाळेच्या दाखल्याची खरी तारीख असेल, तर चुकीचा कागदच दुरुस्त करा. सोपा कागद दुरुस्त करण्याचा मोह होतो. पण तशाने चुकीची तारीख दोन ठिकाणी पक्की होते आणि पुढे पेन्शनच्या वेळी छळते.

पॅनवरचं नाव कसं बदलायचं

हे आयकर पोर्टलवर होत नाही. प्रोटीन (पूर्वीचं एनएसडीएल) किंवा यूटीआयआयटीएसएल, या दोघांपैकी कोणाच्याही संकेतस्थळावर पॅन दुरुस्तीचा अर्ज भरायचा. देशातल्या पत्त्यावर छापील कार्ड हवं असेल तर 107 रुपये लागतात. आत्याचा अर्ज आम्ही 8 जुलैला भरला.

अर्जात दोन ठिकाणी माणसं चुकतात. प्रत्येक रकान्याच्या डावीकडे छोटा चौकोन असतो. ज्यात बदल हवा त्याच चौकोनात खूण करायची. खूण नसेल तर नवं नाव लिहूनही बदल होत नाही, जुन्याच नावाचं कार्ड घरी येतं आणि 107 रुपये गेले. दुसरी चूक वडिलांच्या नावाची. पॅनवर नवऱ्याचं नाव कधीच येत नाही. विवाहित बाईच्या कार्डावरही वडिलांचं नाव राहतं, तो रकाना तसाच ठेवायचा. आत्याने तिथे काकांचं नाव लिहायला सुरुवात केली होती, मी थांबवलं. तिला ते फारसं पटलं नाही, "मग हे कसलं सासरचं कार्ड" म्हणाली.

लग्नामुळे नाव बदलल्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रात छापलेली नावबदलाची सूचना, नवऱ्याचं नाव असलेला पासपोर्ट, राजपत्रित अधिकाऱ्याचा दाखला यांपैकी एक चालतं. अर्जाच्या सूचनांमध्ये लग्नपत्रिकाही लिहिलेली असते, आणि चाळीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या, विवाह नोंदणी कधी न केलेल्या बायकांच्या दृष्टीने ती सोय मोठी आहे. आत्याची पत्रिका तिच्या पेटीत हळदीच्या डागासकट होती, पण तिच्यावर काकांचं नाव टोपणनावाने छापलेलं. शेवटी आम्ही राजपत्रित अधिकाऱ्याचा दाखला जोडला. तो मिळवण्यात चार दिवस गेले.

24 जुलैला ई-पॅन मेलवर आलं. पण लगेच पुढे जाऊ नका. Verify PAN Status वर जाऊन नवं नाव टाकून बघा. आमच्याकडे पहिल्या दिवशी नवं नाव जुळेना, तिसऱ्या दिवशी जुळलं. ते जुळल्यावरच खिशात हात घाला.

हजार रुपये भरणं

हा भाग तसा सोपा आहे, एकच ठिकाण निसरडं. मुखपृष्ठावरच्या Link Aadhaar वर जा, पॅन आणि आधार टाका, Validate करा. शुल्क भरलेलं नाही असं सांगून पोर्टलच पुढचं बटण देतं: Continue to Pay Through e-Pay Tax. पॅन दोनदा, मोबाइल एकदा, मग ओटीपी. पुढच्या पानावर Income Tax ची पहिली चौकट निवडा. त्यानंतर दोन गोष्टी विचारतात, आणि निसरडं ते इथेच:

- Assessment Year: चालू आर्थिक वर्षाच्या पुढचं. आम्ही जुलै 2025 मध्ये, म्हणजे 2025-26 या आर्थिक वर्षात भरत होतो, म्हणून 2026-27 निवडलं.
- Type of Payment: Other Receipts (500). त्याच्या खाली Fee for delay in linking PAN with Aadhaar हा उपप्रकार.

हे बरोबर निवडलं की रकमेच्या जागी हजार रुपये आपोआप येतात, टाइप करावे लागत नाहीत. हीच खूण. रक्कम तुम्हाला स्वतः लिहावी लागत असेल तर तुम्ही चुकीच्या खान्यात आहात, मागे फिरा. Self Assessment Tax (300) निवडून हजार भरणारे खूप असतात. ते पैसे बुडत नाहीत, त्या वर्षाच्या विवरणपत्रात भरलेला कर म्हणून दाखवता येतात. पण जोडणीचं शुल्क म्हणून ते धरले जात नाहीत आणि हजार पुन्हा भरावे लागतात.

पैसे नेट बँकिंग, डेबिट कार्ड, पेमेंट गेटवेवरून यूपीआय, किंवा चलन छापून बँकेच्या खिडकीवर, कसेही भरता येतात. चलनाची पावती उतरवून ठेवा, तिच्यावरचा क्रमांक पुढे तक्रार करावी लागली तर लागतो. शुल्क परत मिळत नाही. पण एकदा भरलेलं शुल्क वायाही जात नाही: नाव न जुळल्याने विनंती फेटाळली गेली तर दुरुस्ती करून त्याच शुल्कावर पुन्हा विनंती करता येते. म्हणजे आधीच पैसे भरून बसलेल्यांचं नुकसान फक्त वेळेचं.

जोडणीची विनंती

पैसे भरले म्हणजे जोडणी झाली, असं समजून कितीतरी जण इथेच थांबतात. पावती जपून ठेवतात आणि दोन वर्षांनी 'मी तर पैसे भरले होते' म्हणतात. पैसे भरणं आणि विनंती करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

पुन्हा Link Aadhaar वर जा, पॅन आणि आधार टाका, Validate करा. शुल्काचा तपशील सापडला तर तसा संदेश येतो आणि पुढे जाता येतं. सापडला नाही तर घाबरून पुन्हा भरू नका. भरणा पोर्टलवर उमटायला चार-पाच कामाचे दिवस लागू शकतात, तितके थांबा. आत्याचे पैसे आम्ही 28 जुलैला भरले आणि 30 ला ते दिसले.

पुढच्या पानावर आधारवरचं नाव, जसंच्या तसं, आणि मोबाइल क्रमांक. आधारवर फक्त जन्मवर्ष असेल तर त्या चौकोनात खूण, संमतीच्या चौकोनात खूण, Link Aadhaar, मग सहा आकडी ओटीपी. विनंती पोहोचल्याचा संदेश येतो आणि ती UIDAI कडे पडताळणीला जाते.

नेट कॅफेत किंवा सेवा केंद्रात हे करून घेत असाल तर मोबाइलच्या रकान्यावर नजर ठेवा. दुकानदार घाईत स्वतःचा नंबर टाकतो, कारण ओटीपी त्याला पटकन मिळतो. माझ्या शेजाऱ्यांचे सगळे संदेश असेच भलत्याच माणसाकडे जात होते. आणि आधारला जोडलेला जुना नंबर बंद झाला असेल तर आधी आधार केंद्रावर तो बदलून घ्या.

दोन-तीन दिवसांनी Link Aadhaar Status बघा. फेटाळली असेल तर कारण जवळपास नेहमी नाव, तारीख किंवा लिंग यांतलंच असतं. दोन्ही कागद बरोबर दिसूनही सतत फेटाळलं जात असेल, तर प्रोटीन आणि यूटीआयआयटीएसएल यांच्या ठरावीक केंद्रांवर बोटांचे ठसे देऊन जोडणी करता येते. पॅन, आधार आणि हजारांच्या चलनाची प्रत सोबत न्या.

जोडलं, तरी लगेच चालू नाही

विनंती केल्यापासून तीस दिवसांच्या आत पॅन पुन्हा कार्यरत होतं, असा नियम आहे. आत्याचं 1 ऑगस्टला जोडलेलं दिसलं आणि 12 ऑगस्टला कार्यरत झालं. मधल्या काळात बँकेत जाऊन भांडण्यात अर्थ नाही, तिथल्या संगणकालाही निष्क्रियच दिसत असतं.

या तीस दिवसांमुळे फटका बसू शकतो तो घर विकणाऱ्याला, आणि त्याहून जास्त विकत घेणाऱ्याला. पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरावर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापायचा असतो. विकणाऱ्याचं पॅन निष्क्रिय असेल तर तो वीस टक्के होतो. एक टक्का कापून मोकळ्या झालेल्या कितीतरी खरेदीदारांना उरलेल्या रकमेच्या नोटिसा आल्या. सत्तर लाखांच्या फ्लॅटवर तो फरक तेरा लाख तीस हजारांचा.

त्यावर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 21 जुलै 2025 च्या परिपत्रकाने थोडी मोकळीक दिली. 1 एप्रिल 2024 ते 31 जुलै 2025 मधल्या व्यवहारांत समोरच्याचं पॅन 30 सप्टेंबर 2025 पर्यंत कार्यरत झालं, तर कापणाऱ्याकडून चढ्या दराची मागणी होणार नाही. 1 ऑगस्ट 2025 पासूनच्या व्यवहारांना, पैसे दिले त्या महिन्याच्या अखेरीपासून दोन महिने मिळतात. ही सवलत कापणाऱ्याला आहे, हे ध्यानात घ्या. ज्याचे पैसे आधीच जास्त कापून सरकारजमा झाले त्याला त्यातून ते परत मिळत नाहीत. घराचा इसार देण्याआधी विकणाऱ्याला त्याच्या पॅनची स्थिती तुमच्यासमोर पोर्टलवर उघडून दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही.

बँकेत परत जाणं

पॅन कार्यरत झालं तरी बँक आपणहून काही करत नाही. आत्याच्या बाबतीत तीन कामं उरली होती. नावबदलानंतरच्या पॅनची प्रत शाखेत देऊन केवायसी ताजी करणं, कारण बँकेच्या नोंदीत पॅन जुन्याच नावाशी बांधलेलं होतं. 15H नव्याने देणं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेणं. एप्रिलमधला फॉर्म निष्क्रिय पॅनवर दिलेला होता, त्याचा काही भरवसा नव्हता. तिसरं काम म्हणजे जूनच्या तिमाहीत कापलेले 6,600 रुपये.

"ते बँक परत देईल ना?" आत्याने विचारलं. नाही देणार. बँकेने जूनमध्ये कापलेला टीडीएस जुलैच्या सुरुवातीलाच सरकारजमा केलेला असतो. तो तिच्या नावावर 26AS मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या कापलेल्या कराच्या नोंदपत्रात, दिसतो आणि परत मिळवायचा तर 2025-26 या आर्थिक वर्षाचं विवरणपत्र भरावं लागतं, एरवी तिला ते भरायची गरज नसली तरी. परतावा ज्या बँक खात्यात हवा ते खातं पोर्टलवर आधी प्रमाणित करून ठेवावं लागतं, आणि त्या खात्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळायला हवं. म्हणजे पुन्हा तेच नाव जुळवणं. सुदैवाने या वेळी दोन्हीकडे सासरचंच होतं.

30 सप्टेंबरला तिचा फोन आला. पासबुक भरून आणलं होतं, व्याज पूर्ण तेहतीस हजार जमा. मग म्हणाली, "तुझ्या आईचं पॅन कुठल्या नावाने आहे रे?" मी अजून बघितलेलं नव्हतं.